नऊवर अडकलेलं हिमोग्लोबिन

महिला मंडळांच्या कार्यक्रमांतून, आरोग्य शिबिरांच्या पत्रकांतून आणि घरोघरी फिरणाऱ्या संदेशांतून एक सल्ला वर्षानुवर्षं दिला जातो. रक्त कमी आहे? मग बीट खा, गूळ-शेंगदाणे खा, खजूर, डाळिंब, अळिवाचे लाडू खा. गोळ्यांच्या नादी लागू नका, त्या उष्ण पडतात. ताटातूनच रक्त वाढवा. हा सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण ज्या शाकाहारी बाईच्या अंगावरून दर महिन्याला भरपूर जातं, तिच्यासाठी तो चुकीचा आहे आणि त्यापायी तिची वर्षं वाया जातात. मी आहारतज्ज्ञ आहे, माझं सगळं काम ताटाशीच आहे. म्हणूनच ताटाच्या नावावर खपवलं जाणारं हे आश्वासन मला खोडून काढायचं आहे.

माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणींचं म्हणणं एकच असतं. "मॅडम, बीट रोज खाते, गूळ खाते, तरी एचबी नऊच्या वर जात नाही." त्यांना पाळीबद्दल विचारलं की उत्तर येतं, "माझं तसं नॉर्मलच आहे." मग जरा खोलात शिरावं लागतं. पहिले दोन-तीन दिवस पॅड किती वेळाने बदलावं लागतं? दीड-दोन तासांनी. रात्री उठावं लागतं? दोनदा, आणि गादीवर जाड टॉवेल घालावा लागतो. गाठी पडतात? हो, मोठ्या पडतात. किती दिवस चालतं? सात, कधी आठ. आईचंही असंच होतं, बहिणीचंही असंच आहे, म्हणून ते नॉर्मल ठरलेलं असतं. या बाईचं ताट तपासण्याआधी तिचा खर्च तपासायला हवा. नेमकं तेच कोणी करत नाही.

उदाहरणादाखल एक बाई घेऊ. वय ३८, वजन ५२ किलो, शुद्ध शाकाहारी, हिमोग्लोबिन ८.६. तिच्या अंगात साधारण ३.४ लिटर रक्त आहे. साधारण पाळीत ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं, ८० च्या वर गेलं की ते जास्त मानतात. हिचं १२० मिलिलिटर जातं असं धरू. एक ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये ३.४ मिलिग्रॅम लोह असतं. त्या हिशेबाने तिच्या दर महिन्याच्या पाळीतून ३५ मिलिग्रॅम लोह बाहेर पडतं, म्हणजे दिवसाला सव्वा मिलिग्रॅमच्या आसपास. त्वचेच्या आणि आतड्याच्या झिजणाऱ्या पेशींतून प्रत्येकाचं थोडं लोह जातंच, ते तिच्या बाबतीत ०.८ मिलिग्रॅम धरू. एकूण खर्च झाला दिवसाला २ मिलिग्रॅम.

आता जमा पाहू. समजा ती खरोखर चांगलं जेवते. बाजरीच्या दोन भाकरी, तीन पोळ्या, मटकीची उसळ, वाटीभर पालेभाजी, थोडं वरण, तिळाची चटणी. या सगळ्यात मिळून १९-२० मिलिग्रॅम लोह असतं. पण पोटात गेलेलं लोह आणि रक्तात पोचलेलं लोह यांत फार अंतर असतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये स्त्रियांसाठी दिवसाला २९ मिलिग्रॅम लोहाची शिफारस केली, तेव्हा आपल्या जेवणातलं फक्त ८ टक्के लोह शोषलं जातं असं धरलं. लोह कमी असलेलं शरीर जरा जास्त ओढून घेतं, म्हणून आपण १० टक्के धरू. जमा झाली २ मिलिग्रॅम.

दोन जमा, दोन खर्च. नऊच्या आसपास अडकण्याचं कारण हे आहे. ती कमी खाते किंवा हयगय करते म्हणून ती अडकलेली नाही. पातळ झालेल्या रक्तातून दर मिलिलिटरमागे लोहच कमी जातं, म्हणून घसरण एका पातळीवर येऊन थांबते. हिमोग्लोबिन वर सरकायला लागलं की त्याच १२० मिलिलिटरमधून जास्त लोह जायला लागतं. ते १२.६ झालं, तर तिचा रोजचा खर्च २ वरून अडीच मिलिग्रॅमच्या वर जातो. वर चढावं तसा खर्चही वाढतो. बिटाची कोशिंबीर खाऊन ही चढण चढता येत नाही.

मग बिटाने किती मिळतं? शंभर ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमसुद्धा लोह नसतं. त्याचा लाल रंग वेगळ्याच रंगद्रव्याचा असतो, त्याचा लोहाशी काही संबंध नाही. डाळिंब तर त्याहूनही कमी. गुळात शंभर ग्रॅमला साडेचारच्या आसपास असतं, पण शंभर ग्रॅम गूळ कोण खातं? दहा ग्रॅमच्या खड्यातून अर्धा मिलिग्रॅम मिळतं आणि त्यातलं रक्तात पोचतं ते नगण्य. अळिवाची ख्याती जुन्या तक्त्यांमुळे वाढली. त्यांत शंभर ग्रॅमला शंभर मिलिग्रॅम लोह छापलेलं होतं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात तोच आकडा साधारण १७ आहे. एका लाडवात चमचाभर अळीव, म्हणजे एक मिलिग्रॅमही नाही. आपल्या घरातलं खरं लोह या लाल पदार्थांत नसून बाजरी, मटकी, मसूर, हरभरा, सोयाबीन, तीळ आणि पालेभाज्या यांत आहे. ते सगळं गरीबाघरचं, रोजचं अन्न आहे, म्हणून पत्रकावर दिमाखाने छापलं जात नाही.

आता चहा आणि लिंबाबद्दल. या दोन गोष्टींमुळे शोषण खरोखर बदलतं, हे मी मान्य करते. पण पत्रकांत त्या इतक्या ढोबळ सांगितल्या जातात की पाळणारीला फायदा होत नाही. चहातली टॅनिनवर्गीय द्रव्यं अन्नातल्या लोहाला आतड्यातच बांधून ठेवतात. जेवणाबरोबर कडक चहा घेतला की त्या जेवणातलं अर्ध्याहून जास्त लोह वाया जाऊ शकतं. कॉफीही तेच करते, थोडी कमी प्रमाणात. दूध घातल्याने हा परिणाम जात नाही. आपल्याकडे याचा सगळ्यांत मोठा फटका सकाळी बसतो, कारण चहा-पोळी किंवा चहात बुडवलेली भाकरी हाच कितीतरी घरांतला नाश्ता असतो. त्यातलं लोह जवळपास हिशेबात धरूच नये. चहा सोडायची गरज नाही, तो जेवणापासून तोडायचा. जेवणाआधी तासभर घेतला तर चालतो. जेवणानंतर घ्यायचा असेल तर कमीत कमी एक तास थांबावं, दोन तास थांबलं तर उत्तम. दुपारचं जेवण एकला आणि चहा चारला, ही आपली जुनी रीत या दृष्टीने अगदी योग्य आहे. बिघडतं ते जेवून उठल्या उठल्या घेतलेल्या कपाने.

क जीवनसत्त्वाचंही तसंच. ते लोहाला शोषण्याजोग्या रूपात ठेवतं आणि धान्या-कडधान्यांतल्या फायटेटचा अडथळा कमी करतं, पण ते त्याच घासाबरोबर पोटात जायला हवं. सकाळी अनुशापोटी घेतलेलं लिंबूपाणी दुपारच्या भाकरीला मदत करत नाही. प्रमाणही लागतं, जेवणामागे निदान २५ ते ५० मिलिग्रॅम. वरणावर पिळलेल्या लिंबाच्या फोडीतून पाच-सात मिलिग्रॅमच मिळतं. त्यापेक्षा अर्धा पेरू खा, त्यातून शंभर मिलिग्रॅमच्या आसपास सहज मिळतं. नाहीतर ताजा किसलेला आवळा, कच्च्या टोमॅटोची कोशिंबीर, भरपूर कोथिंबीर. शिजवताना हे जीवनसत्त्व बरंचसं नष्ट होतं, म्हणून लिंबू गॅस बंद केल्यावर पिळायचं. मटकीला मोड आणले, पीठ आंबवलं की फायटेट कमी होतं. आपल्या आज्या हे चवीसाठी करत आल्या, त्याचा उपयोग इथेही होतो.

हे सगळं नेटाने केलं, चहा दूर सारला, दोन्ही जेवणांत पेरू-आवळा आणला, तर शोषण १० टक्क्यांवरून १२ पर्यंत जाईल असं उदारपणे धरू. जमा २.४ होते आणि दिवसाला ०.४ मिलिग्रॅम शिल्लक राहते. आपल्या उदाहरणातल्या बाईचं हिमोग्लोबिन एक ग्रॅमने वाढायला सुमारे ११६ मिलिग्रॅम लोह लागतं. म्हणजे पहिल्या एका ग्रॅमलाच जवळपास दहा महिने. त्यानंतर खर्च वाढत जातो, शिल्लक आटत जाते, आणि पुढचा ग्रॅम त्याहून हळू येतो. यकृतात आणि मज्जेत जो लोहाचा साठा हवा, तो तर भरतच नाही. तिला १२.६ वर यायला सुमारे ४६० मिलिग्रॅम आणि साठा भरायला आणखी चारेकशे मिलिग्रॅम लोह हवं आहे. माझ्या आहाराच्या तक्त्याने हे साडेआठशे-नऊशे मिलिग्रॅम भरून निघतील असं मी तिला सांगितलं, तर ते खोटं बोलणं होईल.

इथे गोळी लागते. साठ मिलिग्रॅम मूलभूत लोहाची साधी फेरस सल्फेटची किंवा फ्युमरेटची गोळी पुरते. पाकिटावरचा मोठा आकडा क्षाराचा असू शकतो, मूलभूत लोह किती ते वाचायचं. लोह कमी असलेल्या शरीरात त्यातलं १० ते १५ टक्के शोषलं गेलं, तरी दिवसाला ६ ते ९ मिलिग्रॅम झालं. ताट महिनाभरात १२ मिलिग्रॅम शिल्लक टाकतं, गोळी १८० च्या पुढे. मग गोळ्या घेऊनही कितीजणींचं रक्त का वाढत नाही, असा प्रश्न मला विचारला जातो आणि त्यावरून गोळ्याच निरुपयोगी ठरवल्या जातात. कारण बहुतेक वेळा घेण्याच्या पद्धतीत असतं. गोळी दुधाबरोबर घेतलेली असते, नाहीतर जेवणानंतर चहाबरोबर, नाहीतर कॅल्शियमच्या गोळीसोबतच, "दोन्ही एकदम होऊन जातात" म्हणून. कॅल्शियम आणि लोह एकमेकांच्या वाटेत येतात, त्यांच्यात काही तासांचं अंतर हवं. ॲसिडिटीच्या रोजच्या गोळ्याही शोषण कमी करतात, तसं असेल तर डॉक्टरांना सांगायचं. गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर, नाश्त्याच्या तासभर आधी घेणं सर्वांत चांगलं. गोळीबरोबर मुद्दाम क जीवनसत्त्वाची दुसरी गोळी घ्यायची गरज नाही. चीनमध्ये झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन्ही गटांचं हिमोग्लोबिन सारखंच वाढलं. लिंबू-पेरू ताटासाठी महत्त्वाचे आहेत, गोळीत लोह इतकं असतं की त्यांच्यावाचून तिचं अडत नाही.

"गोळ्या उष्ण पडतात" हा आक्षेप मात्र मी उडवून लावत नाही. त्यामागचा त्रास खरा आहे. मळमळतं, पोट दुखतं, बद्धकोष्ठ होतं, शौचाला काळं होतं. शौचाचा काळा रंग न शोषलेल्या लोहाचा असतो, त्याने घाबरायचं कारण नाही. बाकीच्या त्रासाला उपाय आहे. लोहाचा एक डोस घेतला की शरीरात हेप्सिडीन नावाचं संप्रेरक वाढतं आणि सुमारे एक दिवस आतड्याचं दार अर्धवट बंद ठेवतं. म्हणून झुरिचच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की एक दिवसाआड घेतलेल्या गोळीतलं लोह टक्केवारीने जास्त शोषलं जातं. ज्यांना रोज सोसत नाही त्यांनी डॉक्टरांना विचारून एक दिवसाआड घ्यावी. रात्री झोपताना घेतली, किंवा थोडं खाऊन घेतली तरी चालेल, शोषण जरा कमी होईल इतकंच. सोसत नाही म्हणून गोळी सोडून देण्यापेक्षा कमी वेळा घेतलेली गोळी केव्हाही बरी. अगदीच जमत नसेल, किंवा हिमोग्लोबिन फार खाली असेल, तर शिरेतून लोह देता येतं.

आता सगळ्यांत जास्त फसवणूक जिथे होते ती गोष्ट, म्हणजे मुदत. "एकवीस दिवसांत रक्त वाढवा" असं छापणाऱ्याला लोहाचा हिशेब ठाऊक नसतो. गोळी नीट सुरू झाल्यावर आठ-दहा दिवसांत मज्जा नव्या तांबड्या पेशी जोमाने सोडायला लागते. धाप आणि थकवा काही आठवड्यांत हलका होतो. चार आठवड्यांनी तपासलं तर हिमोग्लोबिन निदान एक ग्रॅमने वाढलेलं दिसायला हवं. आपल्या उदाहरणातली बाई साडेआठवरून साडेबारावर यायला दोन ते तीन महिने घेईल. अहवालात "नॉर्मल" दिसलं की गोळ्या बंद केल्या जातात, आणि सगळं बिघडतं ते तिथे. त्या दिवशी रक्त भरलेलं असतं, साठा रिकामाच असतो. त्यापुढे आणखी तीनेक महिने गोळी चालू ठेवावी लागते, तीही अधिक संथ गतीने भरणाऱ्या साठ्यासाठी, कारण लोह वाढलं की शोषण कमी होतं. एकूण सहा महिने, कधी त्याहून जास्त. केसगळती थांबायला आणि नवे केस दिसायला त्यानंतरही काही महिने जाऊ शकतात. साठा भरला की नाही हे हिमोग्लोबिन सांगत नाही, फेरिटिनची तपासणी सांगते. ते १५ च्या खाली असेल तर साठा संपलेला आहे, ३० च्या खाली असेल तरी बहुतेक डॉक्टर कमतरताच मानतात. ताप किंवा संसर्ग असताना फेरिटिन उगाच वाढलेलं दिसतं, म्हणून तपासणी बरं असताना करावी.

चार आठवडे गोळी नीट घेऊनही आकडा हलला नाही, तर जास्त बीट खाऊन पाहत बसायचं नाही, कारण शोधायचं. शाकाहारी बायकांत ब१२ ची कमतरता बऱ्याचदा सोबत असते आणि एकट्या लोहाने रक्त पुरतं भरत नाही. थॅलसेमियाची वाहक असेल तर पेशी लहान दिसतात, पण फेरिटिन चांगलं असतं, अशा बाईला लोह देत राहणं उपयोगाचं नाही. आतड्याचे काही आजार शोषणच होऊ देत नाहीत. आणि सर्वांत सामान्य कारण म्हणजे नळ उघडाच राहिलेला असतो, रक्त आहे तितकंच जातंय.

या शेवटच्या मुद्द्यावर ताटवाले आणि गोळीवाले दोघेही गप्प असतात, म्हणून माझा खरा वाद त्यांच्याशी आहे. रक्त का जास्त जातं, हे पाहायला हवं. गर्भाशयातल्या गाठी, गर्भाशयाच्या भिंतीचा आजार, थायरॉइड, रक्त गोठण्यातला जन्मजात दोष, बसवलेली तांबी, यांपैकी काहीही असू शकतं. पंचेचाळिशीनंतर पाळी बदलली असेल तर आतलं अस्तर तपासून घेणं टाळू नये. बायका स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जायला घाबरतात, कारण "पिशवी काढून टाका" हेच ऐकायला मिळेल असं त्यांना वाटतं. ही भीती खोटी नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबद्दल २०१९ मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली होती. म्हणूनच सांगायला हवं की शस्त्रक्रियेच्या अलीकडे बरेच उपाय आहेत. पाळीच्या पहिल्या चार-पाच दिवसांत घ्यायच्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्यांनी रक्तस्राव ४० टक्क्यांच्या आसपास कमी होतो. ज्यांना पूर्वी रक्ताची गुठळी झाली आहे त्यांना त्या चालत नाहीत, म्हणून त्या डॉक्टरांना विचारूनच घ्यायच्या. गर्भाशयात बसवायचं, हार्मोन सोडणारं साधन काही महिन्यांत रक्तस्राव फारच कमी करतं.

आता पुन्हा तोच हिशेब मांडा. बारा-साडेबाराच्या हिमोग्लोबिनला १२० ऐवजी ७० मिलिलिटर रक्त जात असेल, तर पाळीतून दिवसाला एकच मिलिग्रॅम लोह जातं, एकूण खर्च १.८. आणि ताटाची जमा, साठा भरल्यावर शोषण थोडं घटलं तरी, दोनच्या आसपास. इथे ताट पुरतं. बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, सोबत पेरू आणि जेवणानंतर दोन तासांनी चहा, एवढ्यावर शाकाहारी बाईचं हिमोग्लोबिन वर्षानुवर्षं टिकतं, मांस-मच्छी खायला लागण्याची सक्ती कुणालाच करावी लागत नाही. आधी रक्तस्राव आवरायचा, मग गोळ्यांनी साठा भरायचा, आणि भरलेला साठा ताटाने राखायचा, हा क्रम आहे. तो उलटा लावला की भाकरी, पेरू आणि गोळी यांतलं प्रत्येक चांगलं असूनही हरतं, आणि दोष बाईच्या माथी येतो की ती नीट खात नाही.

"पूर्वीच्या बायका कुठे गोळ्या घेत होत्या?" असं मला नेहमी विचारतात. त्या घेत नव्हत्या हे खरं. वारंवारच्या बाळंतपणांनी आणि दीर्घकाळ अंगावर पाजण्याने त्यांच्या पाळ्याच आजच्यापेक्षा कमी होत, आणि ज्यांच्या अंगावरून जास्त जाई त्यांचं हिमोग्लोबिन मोजणारं कुणी नव्हतं. जिना चढताना दम लागणं, माती किंवा खडू खावासा वाटणं, कायम थकलेलं असणं, हे त्यांनी बाईच्या जन्माचा भाग म्हणून सोसलं. त्यांचं ते सोसणं हा उपचाराचा पुरावा नाही. आज एका साध्या रक्ततपासणीत कमतरता कळते आणि सहा महिन्यांत ती भरून निघू शकते. म्हणून ज्या बाईचं हिमोग्लोबिन वर्षानुवर्षं नऊवर आहे, तिने या महिन्यात तीन गोष्टी कराव्यात: फेरिटिन तपासून घ्यावं, पाळीबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञाशी स्पष्ट बोलावं, आणि गोळी सुरू करून चार आठवड्यांनी पुन्हा हिमोग्लोबिन मोजावं. सात-साडेसातच्या खाली गेलेलं असेल, छाती धडधडत असेल किंवा बसल्या जागी दम लागत असेल, तर चार आठवडे काय, एक आठवडाही थांबू नये.